नोंदवहीत न दिसणारे सव्वाचार तास

एसटीत बत्तीस वर्षं काढली. त्यातली शेवटची अकरा वर्षं डेपोत ड्युट्या लावण्यात गेली. कोणता ड्रायव्हर कोणत्या शेड्यूलवर, मुक्कामी गाडीवरून आलेल्याला दुसऱ्या दिवशी कुठं टाकायचं, स्पेअरमध्ये किती माणसं ठेवायची, हेच रोजचं काम. शिव्या भरपूर खाल्ल्या, त्यातल्या काही रास्तही होत्या. पण ड्युटीचा तक्ता समोर आला की तो कुठं फसवतोय हे मला अजूनही पटकन दिसतं. म्हणून १०८ च्या रुग्णवाहिकांबद्दल लिहायला बसलो आहे.

माझा भाचा १०८ वर पायलट आहे. या सेवेत ड्रायव्हरला पायलट म्हणतात. गाडी जिथं उभी असते ते लोकेशन सातपुड्याच्या पायथ्याचं, शहादा-तळोदा पट्ट्यातलं, त्याहून नेमकं सांगत नाही. त्याला खिशात छोटी डायरी ठेवायची सवय आहे. गेल्या पावसाळ्यातल्या एका रात्रीचं पान त्यानं मला दाखवलं. ते जसंच्या तसं सांगतो.

रात्री ८ ला तो हजर झाला. ऑक्सिजनचं सिलिंडर किती भरलंय, सक्शन चालतंय का, स्ट्रेचरचं चाक, डिझेल, अशी तपासणी चालू असतानाच ८.१० ला कॉल पडला. दोन मोटारसायकली समोरासमोर धडकल्या होत्या. ९.५० ला परत. ११.४० ला बाळंतपणाचा कॉल. पाड्यापर्यंत गाडी जात नव्हती, म्हणून बाईला झोळीतून डांबरीवर आणेपर्यंत गाडी पाऊण तास उभी. तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि केंद्रातून लगेच नंदुरबारला रेफर. परत लोकेशनवर यायला ४.१५ वाजले. ४.४० ला शेतावर झोपलेल्या म्हाताऱ्याला साप चावल्याचा कॉल. ६.३० ला परत. पाळी सुटायला दीड तास उरला होता. ७.२५ ला रुग्णालयातून धुळ्याची बदली आली, म्हणजे एका दवाखान्यातून दुसऱ्यात पेशंट हलवायचा. सकाळचा माणूस अजून पोचला नव्हता, पेशंट थांबण्यासारखा नव्हता, मग हाच निघाला. धुळ्याहून परत येऊन गाडी धुतली तेव्हा दुपारचे सव्वाबारा झाले होते.

नोंदवहीत या रात्रीची ओळ एवढीच: ड्युटी ८ ते ८, कॉल ४.

आता डायरीवरून हिशोब लावा. हजेरी सव्वासोळा तासांची. त्यातले जवळजवळ तेरा तास गाडी कॉलवर. भाचा आदल्या दिवशी सकाळी ९ ला उठला होता, घरात कार्य असल्यानं दुपारी आडवं व्हायला मिळालं नाही. म्हणजे सव्वाबाराला चावी ठेवली तेव्हा तो सत्तावीस तास जागा होता. आणि पुढची पाळी त्याच दिवशी रात्री ८ ची. मध्ये पावणेआठ तास. त्यातला दीड तास जाण्या-येण्यात, थोडा अंघोळ-जेवणात. उरलेल्या वेळात पत्र्याच्या घरात, पावसाळी उकाड्यात, लाइट जात-येत असताना माणसानं झोपायचं.

तक्त्यावर मात्र बारा तास काम आणि बारा तास विश्रांती असं सुंदर चित्र दिसतं.

एसटीत आम्हाला एक गोष्ट अगदी सुरुवातीला शिकवली जायची. ड्युटी सुटायची वेळ म्हणजे शेड्यूलवर छापलेली वेळ नव्हे, माणूस गाडी लावून मोकळा झाला ती वेळ. विश्रांती तिथून मोजायची. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दोन दिवसांच्या कामामध्ये सलग किमान नऊ तासांची विश्रांती लिहिली होती, दिवसाला साधारण आठ तास आणि आठवड्याला ४८ तास काम लिहिलं होतं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ९१ वाहतुकीच्या वाहनांवरच्या चालकांना हेच तास लावतं. अचानक उद्भवलेल्या प्रसंगासाठी सूट देण्याची सोय त्यात आहे, हेही खरं. पण ज्या सेवेत रोजच अचानक प्रसंग उद्भवतात, तिथं रोजच सूट असा त्याचा अर्थ लावला तर मग कायदा उरतो कशाला?

जागरणाचं गणित दारूच्या गणिताशी लावून बघता येतं. सलग सतरा तास जागा असलेल्या माणसाचा हात आणि डोळा, रक्तात १०० मिलिलीटरला सुमारे ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंदावतो, असं १९९७ च्या एका प्रयोगात मोजलं गेलं आणि नंतरच्या प्रयोगांतही साधारण तसंच निघालं. आपल्याकडे ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की पोलीस गाडी बाजूला घेतात. भाचा त्या रात्री २ वाजता सतरा तास ओलांडून गेला होता. तेव्हा गाडीत एक अडलेली बाई, तिची सासू, आशाताई आणि डॉक्टर होते. त्याच्या तोंडाला वास नव्हता एवढंच.

डॉक्टरचंही तेच. महाराष्ट्रात १०८ सुरू झाली २०१४ साली, ९३७ गाड्या घेऊन, आणि प्रत्येक गाडीवर डॉक्टर हे आपल्या सेवेचं वैशिष्ट्य ठरलं. तो डॉक्टरही त्याच रात्रीचा जागा असतो. पहाटे साडेपाचला साप चावलेल्या माणसाच्या पापण्या जड होताहेत की तो नुसता झोपेत आहे, हे ओळखायला पाहणाऱ्याचे स्वतःचे डोळे उघडे लागतात. (नाग आणि मण्यार यांच्या विषात पापण्या पडणं ही पहिली खूण. मण्यारीच्या चाव्यात सूजसुद्धा फारशी नसते, म्हणून ती जास्त फसवते.) पुढं मी पायलटबद्दलच लिहितो, कारण मला स्टिअरिंगचं कळतं. डॉक्टरला ते जसंच्या तसं लागू समजा.

यावर नेहमीचं उत्तर असं, की अहो, अशा रात्री महिन्यातून किती? बाकी रात्री झोपलेलेच असतात. हे उत्तर खोटं नाही. भाच्याच्याच डायरीत कितीतरी रात्री एक कॉल किंवा शून्य कॉल आहे. म्हणूनच सगळ्यांच्या पाळ्या आठ तासांच्या करा असं मी म्हणत नाही. तसं केलं तर कुणाला तरी रात्री बाराला सुटून मोटारसायकलवर तीस किलोमीटर घरी जावं लागेल, आणि पायलटच त्याला पहिला विरोध करतील. बारा तासांची पाळी खानदेशातल्या अंतरांना बसते. माझं म्हणणं एवढंच, की जड रात्र कोणती ते आधी ठरवा, आणि ती आली की विश्रांती आपोआप मिळाली पाहिजे.

जड रात्र कॉलच्या संख्येवरून ठरत नाही. जळगाव शहरातल्या गाडीला रात्रीत सात कॉल पडले तरी प्रत्येक चाळीस मिनिटांत आटोपू शकतो. अक्कलकुवा-मोलगीकडच्या गाडीला एकच कॉल पडतो, आणि घाट उतरून नंदुरबारला जाऊन परत येण्यात अख्खी रात्र संपते. कॉल मोजणाऱ्या तक्त्यात पहिली गाडी दमलेली दिसते आणि दुसरी निवांत. म्हणून मोजायचं ते कॉलवर गेलेलं घड्याळ. माझ्या मते दोन कसोट्या पुरतात. रात्री १० ते सकाळी ६ या आठ तासांत गाडी पाच तासांपेक्षा जास्त कॉलवर असेल तर ती रात्र जड. किंवा मध्यरात्र ते पहाटे ५ या वेळात सलग दोन तासांची मोकळीक एकदाही मिळाली नसेल, तरीही जड. दुसरी कसोटी शहरातल्या गाडीसाठी आहे. तिथं एकूण वेळ कमी भरतो, पण दर पाऊण तासाला उठवलेल्या माणसाची झोप झोप राहत नाही. भाच्याची ती रात्र १० ते ६ मध्ये पाच तास पंचावन्न मिनिटं भरते. पहिल्याच कसोटीला ती जड ठरते.

रात्र जड ठरली की पुढची रात्र त्या माणसाला नाही. पगार मात्र कापायचा नाही. हे पगाराचं कलम गाळलं तर बाकी सगळं कागदावरच राहील. विश्रांती घेतली की खाडा पडणार असेल तर विश्रांती कोणीच घेणार नाही. उलट सुट्टीवर गेलेल्याची पाळी मागून घेऊन डबल करतील. मी एसटीत हेच पाहिलं. डबल ड्युटी मागायला येणारा माणूस नेहमी सगळ्यात ताजातवाना असल्यासारखा उभा राहतो.

आणि ही विश्रांती मागावी लागता कामा नये. कॉल किती वाजता दिला, गाडी परत कधी पोचली, हे नियंत्रण कक्षाला ठाऊक असतंच, गाडीत जीपीएस असतं. सकाळी ६ वाजता तिथंच बेरीज व्हावी आणि पायलटला निरोप यावा, की आज रात्री तू नाहीस. माणसावर सोडलं तर एक तर तो लाजेनं मागणार नाही, नाहीतर सुपरवायझर ‘आजची रात्र काढ ना रे’ म्हणेल. विश्रांती मिळावी म्हणून कोणी कॉल मुद्दाम लांबवेल ही भीतीही याच घड्याळानं मिटते. गाडी ढाब्यावर उभी होती की रुग्णालयाच्या दारात, हे नकाशावर दिसतं. रुग्णालयाच्या दारात स्ट्रेचर रिकामा व्हायची वाट बघत काढलेला वेळ मात्र कामातच धरायचा. तिथं कोणी झोपत नाही.

आता दुसरा अर्धा भाग, पाळ्यांच्या वेळा. सगळ्या गाड्या ८ ला बदलणं ही मला सगळ्यात न समजलेली गोष्ट आहे. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालांत संध्याकाळी ६ ते ९ ही अपघातांची सगळ्यात वाईट वेळ म्हणून वर्षानुवर्षं येते आहे. धुळ्यावरून जाणारे दोन्ही महामार्ग, आग्रा रोड आणि सुरत-नागपूर, त्या वेळी कसे असतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. ऊस तोडणीच्या दिवसांत तर बिनदिव्याच्या ट्रॉल्या आणि कापसाच्या गाड्या त्याच अंधारात रस्त्यावर असतात. आणि नेमक्या त्याच तीन तासांत जिल्ह्यातला प्रत्येक पायलट बारा तास ओढून घड्याळाकडे बघत असतो, किंवा नुकता येऊन सिलिंडर तपासत असतो. सकाळचंही तसंच. डॉक्टरांचा राउंड झाला की दहाच्या सुमारास रेफर सुरू होतात, पण रात्री अडवून धरलेले पेशंट सात-साडेसातलाच निघतात, आणि ते रात्रीच्या माणसाच्या गळ्यात पडतात.

पंचवीसेक किलोमीटरवरची दोन शेजारची लोकेशनं एक जोडी धरू. एकीची पाळी ७ ला बदलू द्या, दुसरीची ९ ला. नुसत्या एवढ्या बदलाला एक रुपया लागत नाही. ७ ला पहिल्या गाडीची तपासणी चालू असेल तेव्हा दुसरी उभी आहे, ९ ला उलट. त्या दिवशीची ७.२५ ची धुळ्याची बदली या तक्त्यात सात वाजता आलेल्या ताज्या माणसाकडे गेली असती. त्यावर एक नियम ठेवायचा: ज्या बदलीचा परतीचा रस्ता पाळीच्या वेळेत बसत नाही, ती त्या गाडीला द्यायची नाही. जीव जाण्याचा प्रसंग वेगळा. एसटीत ड्युटी संपायला दीड तास असताना कोणाला लांबची फेरी दिली असती तर दुसऱ्या दिवशी युनियन माझ्या टेबलावर असती, आणि ते बरोबर होतं.

यानंतरचा बदल मात्र फुकट नाही. जोडीमागं एक तिसरी पाळी हवी, दुपारी ३ ते रात्री ११, बॅकअपच्या गाडीवर. ती संध्याकाळच्या गर्दीवर ओव्हरलॅप होते. ६ ते ९ या वेळात दोनाऐवजी तीन गाड्या, आणि त्यातली एक तरी पूर्ण जागी. तिचा आणखी एक फायदा असा, की रात्रीची पाळी सुरू होताच पहिले दोन-तीन कॉल ती उचलते, म्हणजे रात्रपाळीच्या माणसाची ताकद मध्यरात्रीनंतरसाठी शिल्लक राहते.

माणसं किती लागतील? भाच्याच्या जोडीवर सध्या दोन गाड्यांना मिळून पाच पायलट आहेत, प्रत्येक गाडीला दोन आणि दोघींत मिळून एक रिलीव्हर. दोन गाड्या आठवडाभर चालवायला ३३६ तास लागतात. पाचांत वाटले तर माणशी सदुसष्ट तास. ४८ तासांचा आठवडा पाळायचा तर सात माणसं लागतात, रजा-आजारपण धरलं की आठ. हे माझ्या मागणीआधीचं गणित आहे, देणं बाकी असलेलं. ३ ते ११ ची पाळी घातली की आठवड्याला छप्पन तास वाढतात. दोन्ही लोकेशनं मिळून महिन्याला पाच जड रात्री धरल्या तर त्यांच्या विश्रांतीचे आठवड्याला चौदा-पंधरा तास. बेरीज ४०७ च्या आसपास, म्हणजे साडेआठ माणसं, आणि रजा धरून दहा.

पाचावरून दहा म्हटलं की हिशोबनीस दचकतो. पण त्यातली तीन माणसं आजच कमी आहेत. ओव्हरलॅप आणि जड रात्रीची विश्रांती यांची खरी किंमत जोडीमागं दोन माणसांची आहे. ही दोन माणसं तक्त्यात आधीपासून लिहिलेली नसतील तर विश्रांतीची हमी हा नुसता शब्द आहे. सकाळी निरोप गेला की आज तू नाहीस, तर मग कोण आहे, याचं नाव आदल्या आठवड्यात ठरलेलं हवं. डेपोत त्याला आम्ही स्पेअर म्हणायचो. स्पेअर रिकामा बसलेला दिसला की वरचे अधिकारी चिडायचे. स्पेअर संपला त्या दिवशी मात्र तेच फोनवर ओरडायचे.

हे सगळीकडे बसणार नाही. धडगाव, मोलगी, तोरणमाळ इथं पंचवीस किलोमीटरवर शेजारी धरला तरी मध्ये घाट आहे. तिथं तिसरी गाडी देऊनही फार फरक पडायचा नाही, कारण तिथला धोका कॉलच्या गर्दीचा नाही, परतीच्या रस्त्याचा आहे. पेशंट मागं असताना सायरन चालू असतो, नातेवाईक बोलत असतात, माणूस जागा राहतो. पेशंट उतरवला, कागद झाले, की रिकामी गाडी, पहाटेचे तीन, आणि समोर घाट. त्या गाड्यांसाठी मी वेगळी गोष्ट मागेन: जिल्ह्याच्या रुग्णालयात दोन खाटांची एक खोली, आणि रात्री १२ नंतर पेशंट पोचवणाऱ्याला दीड-दोन तास झोपून मग निघायची लेखी परवानगी. उठल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं डोकं जड असतं, तेवढा वेळ चहाला द्यायचा आणि मगच चावी.

तोवर लोकेशन रिकामं राहील, हा आक्षेप इथं सगळ्यात टोकदार आहे. तो टाळता येत नाही. खालची एखादी गाडी अर्ध्या वाटेत पुढं सरकवून ठेवली तर उशीर कमी होतो, संपत नाही. डोंगरात त्या दोन तासांत कोणी अडलं तर तिला जास्त वेळ थांबावं लागेल. मी हे जाणून लिहितो आहे. गाडी घाटात गेली तर ते लोकेशन दोन तास नाही, दोन महिने रिकामं राहील, आणि दोन माणसं कायमची जातील. हा सौदा मला पटतो. कोणाला पटत नसेल तर त्यानं एकदा पहाटे देवगोई घाटातून त्या गाडीत पुढच्या सीटवर बसून यावं.

लहान लोकेशनवरचे काही पायलट स्वतःच चोवीस तास काम आणि चोवीस तास सुट्टी मागतात. घर लांब असतं, रोजचं पेट्रोल परवडत नाही. त्यांची अडचण खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय लोकेशनवर राहायची धड खोली आणि प्रवासभत्ता हा आहे. महामार्गावरच्या आणि डोंगरपायथ्याच्या गाड्यांवर चोवीस तासांची पाळी कोणी मागितली तरी देऊ नये. विमानाच्या पायलटला ‘मला चालतं’ म्हणायची मुभा नसते, त्याच्या ड्युटीच्या तासांची कमाल आणि आठवड्याची ४८ तासांची सलग सुट्टी नियमानं बांधलेली आहे. नाव एकच, पायलट, तर निदान विचार तरी सारखा करा.

उद्याच्या उद्या, पैसे न लागता करता येण्यासारखं एक काम आहे. नोंदवहीत ‘ड्युटी’ आणि ‘कॉल’ यांच्या शेजारी तिसरा रकाना आखा: प्रत्यक्ष सुटका. जोवर तो नाही तोवर सकाळी ८ ते दुपारी सव्वाबारा हे सव्वाचार तास कोणाच्याच कागदावर नाहीत, आणि जड रात्री किती झाल्या हा प्रश्न विधानसभेत विचारला तरी उत्तर शून्यच येईल.

भाच्यानं डायरीत तो रकाना पेनानं स्वतःच आखला आहे. त्या दिवशी काय झालं ते मी त्याला विचारलं होतं. आधी काही बोलला नाही. मग म्हणाला, “मामा, धुळाथून परतताना मना डोया लागी ग्या व्हता. डॉक्टरनी हाक मारी.” पानावर सुटका १२.१५ लिहिलं आहे, आणि त्याखालच्याच ओळीत, त्याच तारखेला, हजर ७.५०.